तीन कप्प्यांत डबा कुठे ठेवायचा?

फोनवरून लेडीज पर्स विकणाऱ्यांचा एक ठाम समज आहे. बाई पर्स घेते ती रंग, फोटो आणि किंमत बघून. मापं कोण वाचतंय? या समजातूनच ते ठरावीक वर्णन जन्माला येतं : प्रशस्त पर्स, तीन मोठे कप्पे, लांब पट्टा, रोजच्या सगळ्या वस्तू आरामात मावतात. खाली कुठेतरी बारीक अक्षरांत ३४ बाय २८ बाय १३ असे तीन आकडे. कशाचे, कुठून कुठवर मोजलेले, आतून की बाहेरून, ते गुलदस्त्यात. मला या समजाशी भांडायचं आहे. मापं वाचली जात नाहीत हे बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्याचं कारण बायकांना मापांचं वावडं आहे हे नव्हे. ब्लाउजच्या पाठीचा गळा अर्ध्या इंचाने खाली आला तरी शिवणाऱ्याला परत उसवायला लावणारी बाई मापांना घाबरत नाही. तिच्यापुढे टाकलेल्या मापांतून तिला हवी ती गोष्ट कळतच नाही, म्हणून ती ती सोडून देते आणि फोटोकडे वळते.

तिला हवी ती गोष्ट कोणती, हे बघायला लांब जायला नको. धाराशिव जिल्ह्यातली एक साधी खेप घेऊ. परंडा, भूम किंवा लोहाऱ्याहून बाई जिल्ह्याच्या गावी निघते. कधी कलेक्टर कचेरीत काम, कधी दवाखाना, कधी बँक. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे जी कामं आधी घरातल्या पुरुषावर सोपवली जायची त्यांतली काही आता ती स्वतःच उरकते. सोबत काय असतं? कागदांची फाइल, पासबुक, आधार कार्ड, फोन, चार्जर, सुटे पैसे, गोळ्यांची पट्टी, रुमाल, उन्हाचा स्कार्फ, डबा आणि पाणी. एप्रिल-मेमध्ये चाळिशी ओलांडणाऱ्या या मुलखात लिटरभर पाणी ही चैन नव्हे. आता वर्णनासोबतचे 'काय काय मावतं' दाखवणारे फोटो आठवा. लिपस्टिक, गॉगल, अत्तराची कुपी, इवलंसं पाकीट, फोन. या वस्तू मावतात हे खोटं नाही. पण या वस्तू कशातही मावतात. पर्सची परीक्षा घेणाऱ्या वस्तू तीनच : फाइल, बाटली आणि डबा. त्या घडी होत नाहीत, दबत नाहीत, आणि फोटोत त्या कधीच नसतात.

म्हणून वर दिलेल्या नमुन्याचीच पर्स समोर ठेवून हिशोब करू. रुंदी ३४ सेंटिमीटर, उंची २८, तळाची जाडी १३, वर चेन, आत तीन कप्पे. खांद्याच्या पर्सची ही अगदी नेहमीची ठेवण. तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला तर सव्वाबारा लिटरच्या थोडं वर जातं, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात नकळत तेवढी जागा बसते. पण हे बाहेरचं माप. रेक्झिनच्या आत फोम असतो, फोमच्या आत अस्तर, आणि दोन्ही बाजूंना शिवणीची दुमड आतल्या अंगाला राहते. दोन्हीकडून सेंटिमीटरभर गेला की आतली रुंदी उरते ३२. उंचीत तर यापेक्षा मोठी काटछाट होते. चेन वरच्या काठावर नसते; ती काठाच्या खाली तीनेक सेंटिमीटरवर आडव्या पट्टीत बसवलेली असते. तळाला पुठ्ठा आणि त्यावर अस्तर असतं. चेन लावून उरते ती उंची २४. जाडीचं माप तळाशी घेतलेलं असतं. तिथे आतून १२ मिळतात, पण पर्स वर निमुळती होत जाते आणि चेनपाशी सहाच उरतात. म्हणजे सरासरी नऊ. आता ३२, २४ आणि ९ यांचा गुणाकार करा : सात लिटरला थोडी कमीच. विकणाऱ्याने एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, तरी जवळजवळ साडेपाच लिटर जागा वर्णन आणि वस्तू यांच्यामध्ये गायब झाली आहे.

आणि अजून कप्पे राहिलेच आहेत. मधला चेनचा कप्पा म्हणजे दोन पदर, त्यांतलं अस्तर आणि एक चेन. रिकामा असतानाही तो दीड-दोन सेंटिमीटर खातो. त्याच्या अल्याड-पल्याड जे दोन कप्पे उरतात ते तळाशी जेमतेम पाच-पाच सेंटिमीटरचे. स्टीलची लिटरची बाटली साडेसात सेंटिमीटरच्या आसपास रुंद आणि पंचवीसच्या पुढे उंच असते. ती कप्प्यात उतरत नाही, आणि दाबून उतरवलीच तर चेन लागत नाही. जेवणाचा चपटा चौकोनी डबा, पाच सेंटिमीटर उंच, सतरा लांब, बारा रुंद, या कप्प्यात जातो खरा, पण कडेवर उभा राहून. सुकी भाजी असेल तर निभतं. कालवण असेल तर झाकणाच्या रबरावर भरवसा ठेवायचा आणि कागद दुसऱ्या कप्प्यात ठेवायचे. हाच डबा आडवा ठेवायला तळाशी बारा सेंटिमीटर सलग जागा लागते. ती या पर्सला होती, मधला कप्पा शिवेपर्यंत. कप्पे वाढवले की जागा वाढत नाही, असलेली जागा चिरली जाते. तरी वर्णनात कप्प्यांची संख्या गुणाच्या रकान्यात मिरवते आणि प्रत्येक कप्प्याची जाडी कुठेच लिहिलेली नसते. तुळजापूरला ओटी घेऊन निघालेल्या बाईची तर पंचाईतच : सोललेला नारळसुद्धा नऊ-दहा सेंटिमीटरचा गोल असतो, तो पाचच्या खणात बसत नाही. खणात खण मावतो, नारळ हातात धरावा लागतो.

कप्पे वाईट असं मी म्हणत नाही. आपल्याकडे चंचीला खणच खण असायचे. पण चंचीतला प्रत्येक खण आत काय राहणार हे आधी ठरवून शिवलेला असे : सुपारीचा वेगळा, काताचा वेगळा, तंबाखूचा वेगळा, अडकित्ता आत जाईल असा लांबोडका. कप्पा वस्तूवरून निघाला होता. आजच्या वर्णनातला 'मल्टिपल कंपार्टमेंट' हा कुठल्याच वस्तूवरून निघालेला नाही. त्याची फक्त मोजदाद केलेली असते. बाहेरच्या मागच्या खिशाचं उदाहरण घ्या. तो खिसा खरोखर कामाचा, कारण गर्दीत उभं राहून कंडक्टरला पैसे देताना मोठी चेन उघडावी लागत नाही. पण आजचे बरेच फोन सोळा सेंटिमीटरच्या पुढे गेले आहेत. खिशाची चेन पंधराची असली की फोन तिरका घालावा लागतो आणि काढताना अडतो. 'मागे चेनचा खिसा' या शब्दांत हे कळत नाही. 'मागच्या खिशाचं तोंड १८ सेंटिमीटर' असं लिहिलं की लगेच कळतं.

तोंड हा शब्द आला तसा तो जरा थांबून बघायला हवा, कारण आतलं माप देणारे काही मोजके चांगले विक्रेतेही इथेच चुकतात. वस्तू पर्समध्ये पोटातून शिरत नाही, तोंडातून शिरते. आपल्या नमुन्यात आतली रुंदी ३२ आहे, पण चेनची दोन्ही टोकं दोन-दोन सेंटिमीटर शिवणीत बंद झालेली, म्हणून तोंड उघडतं २८. ए-फोर कागद २९.७ बाय २१ चा. आतली मापं वाचणारी बाई म्हणेल, आडवा बसतो. बसतो, पण वाकवून आत घालावा लागतो, आणि रोज तसं केलं की कोपरे मुडपतात. प्लॅस्टिकची बटणाची फाइल साधारण २४ बाय ३३ ची. ती आडवी तोंडातून जात नाही. उभी जाते आणि चेनच्या वर नऊ सेंटिमीटर डोकावत राहते. म्हणजे जातीचा दाखला आणि सातबारा उघड्या पर्समधून एसटीच्या गर्दीत. 'फाइल मावते' आणि 'फाइल घालून चेन लागते' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं लिहून दुसऱ्याचा भास निर्माण करणं हीच या वर्णनांची खरी खुबी.

पट्ट्याबाबतची गफलत याहून बारीक आहे. वर्णनात पट्ट्याची लांबी येते, पण अंगावर उपयोगी पडतो तो ड्रॉप : पट्टा खांद्यावर टाकल्यावर त्याच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून पर्सच्या काठापर्यंतचं सरळ खाली मोजलेलं अंतर. पट्ट्याची लांबी निम्मी केली की ड्रॉप येतो, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही, कारण पट्टा दोन कड्यांमध्ये ताणलेला असतो आणि त्याची लांबी आडव्या अंतरातही खर्ची पडते. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो. ५० सेंटिमीटरचा पट्टा, कड्यांमध्ये अंतर ३० : निम्म्याचे पंचवीस, कर्ण पंचवीस आणि पाया पंधरा, म्हणून उंची वीस. पंचवीस समजून मागवलेली पर्स विसाची निघते, आणि हा पाच सेंटिमीटरचा फरक अगदी मोक्याच्या जागी येतो. बावीस-चोवीसच्या खाली ड्रॉप गेला की भरलेल्या पर्सच्या पट्ट्यातून दंड सहज आत जात नाही, पर्स काखेत रुतते. मग ती खांद्याची पर्स उरत नाही, कोपरावर अडकवायची होते. पर्स मऊ असेल तर वजनाने कड्या थोड्या जवळ ओढल्या जातात आणि एखाद-दोन सेंटिमीटर परत मिळतात, हे मान्य. पण कडक रेक्झिनच्या पर्सला तेही नाही. लांब पट्ट्याला मात्र ही चूक फारशी बाधत नाही. आडव्या घालायच्या पर्सचा पट्टा ११३ सेंटिमीटर आणि कड्यांतलं अंतर २५ असेल तर निम्मे होतात साडेछप्पन आणि खरा ड्रॉप पंचावन्न. म्हणजे जिथे सेंटिमीटर-सेंटिमीटरला किंमत आहे त्या आखूड पट्ट्यातच लांबी सर्वांत जास्त फसवते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप कारागिरांचा, आणि तो पोकळ नाही : पर्स म्हणजे पत्र्याची पेटी नव्हे, ती मऊ असते, फुगते, दबते, मग आतलं माप मिलिमीटरमध्ये सांगायचं कसं? मिलिमीटरमध्ये सांगूच नये. पण मऊपणा सगळीकडे सारखा नसतो. फुगतं ते पोट. चेनची लांबी फुगत नाही, कड्यांतलं अंतर फुगत नाही, तळाचा पुठ्ठा फुगत नाही. ही तीन कडक मापं पट्टीने मोजता येतात आणि अडचण नेमकी त्यांच्यापाशीच होते. पोटासाठी माप सोडा, वस्तू घाला. जुन्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापावेत, फाइलच्या, ए-फोरच्या आणि डब्याच्या मापाचे. प्रत्येक नव्या नमुन्यात ते घालून चेन लावून बघावी. जाडीसाठी भरलेली बाटली आणि भरलेला डबा. रिकामा डबा फसवतो, कारण तो हलका असतो आणि पर्सचा आकार ओढून बिघडवत नाही. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात.

दुसरा आक्षेप दुकानदारीचा : काय मावत नाही ते लिहिलं तर घेणार कोण? यात गृहीत असं, की न लिहिल्याने ती गोष्ट कळायची राहते. ती कळतेच, फक्त पार्सल उघडल्यावर कळते. तोवर जाण्या-येण्याचं भाडं, फोडलेलं पॅकिंग, परत आलेल्या मालाची सुरकुती, सगळं झालेलं असतं. तुळजापूरच्या मंदिराच्या वाटेवर मांडलेल्या दुकानात बाई पर्स उघडते, हात घालते, खांद्याला लावून बघते, नको वाटली तर ठेवून देते, आणि दुकानदाराचं काही जात नाही. फोनवरच्या विक्रीत तो हात नाही, त्याची जागा वर्णनाने घ्यायची असते. शिवाय 'लिटरची बाटली मावत नाही, अर्ध्या लिटरची मावते' हे वाक्य वाचून बाटली न नेणारी बाई पळून जात नाही. उलट तिला खात्री पटते की बाकीचं लिहिलेलंही मोजून लिहिलं असणार.

कुणी म्हणेल, परत करायची सोय आहे ना, मग वर्णनाचा एवढा काथ्याकूट कशाला. सोय आहे, आणि कायद्याने आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पण इथेच त्या मोघम भाषेचा फायदा कुणाला होतो ते बघा. 'प्रशस्त' हा गुण नव्हता हे सिद्ध कसं करायचं? 'रोजच्या वस्तू' कुणाच्या रोजच्या? ३४ बाय २८ बाय १३ तर खरंच आहे, बाहेरून. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम, जिथे मालाच्या आकाराला महत्त्व आहे तिथे मापं जाहीर करायला सांगतात. पण आत रिकामी जागा विकणाऱ्या वस्तूचं माप म्हणजे आतलं की बाहेरचं, एवढ्या खोलात ते शिरत नाहीत. म्हणून परतीचा हक्क खरोखर वापरायचा असेल तर त्याला टेकू लागतो तो मोजता येईल अशा वाक्याचा. 'चेनचं तोंड २८' लिहिलं आणि २५ निघालं, तर वाद एका पट्टीने मिटतो.

राहता राहिला तो 'एवढ्याने काय बिघडतं' हा सूर. बाई दुसरी पिशवी घेतेच की सोबत! घेते. कुठल्याही एसटी स्थानकावर नजर टाकली तर खांद्याला पर्स आणि हातात नायलॉनची किंवा कापडी पिशवी ही जोडी पावलोपावली दिसते. पण ही जोडी पर्सच्या बाजूने साक्ष देत नाही. पर्समध्ये जे मावायचं होतं तेच बहुतेक वेळा त्या पिशवीत असतं : फाइल, बाटली, डबा. खांद्याची पर्स घ्यायची ती दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून, आणि चढताना दांडा धरायला हातच शिल्लक नाही. तिला दुसरी पिशवी घ्यायचीच असेल तर मुळात लहान, हलकी, स्वस्त पर्स पुरली असती. ती निवड तिने करायची होती, आणि वर्णनाने ती तिच्यासाठी परस्पर करून टाकली.

खरेदी करणारीने काय करावं, हेही याच हिशोबातून निघतं. रोजच्या वस्तू टेबलावर ठेवाव्यात. सर्वांत लांब आणि सर्वांत जाड अशा दोनच वस्तू मोजाव्यात. दिलेल्या रुंदीतून सहा वजा करून तोंड धरावं, उंचीतून चार. जाडीला कप्प्यांनी भागावं. पट्ट्यासाठी घरातली नाडी पुरते : तेवढ्या लांबीची नाडी घेऊन तिची दोन टोकं कड्यांच्या अंतराइतक्या पट्टीच्या दोन टोकांना बांधायची आणि खांद्याला अडकवून बघायची. कड्यांचं अंतर दिलं नसेल तर विचारायचं. उत्तर 'भरपूर आहे मॅडम' असं आलं तर तेही एक उत्तरच.

गावोगाव बचत गटांच्या बायका आता पर्सही शिवतात आणि फोनवर त्यांचे फोटो टाकतात. त्यांना हे जमणार नाही, ते कंपन्यांचं काम, असं म्हणणं मला उलटं वाटतं. टेप त्यांच्याच गळ्यात असते. चेन किती कापली, पुठ्ठा किती घेतला, कडी कुठे ठोकली हे शिवणारीला पाठ असतं. फक्त ते खडूच्या खुणेपाशीच राहतं, फोटोखालच्या ओळीत उतरत नाही. वर चिरफाड केलेल्या पर्सचंच वर्णन तिने लिहिलं तर ते साधारण असं होईल : बाहेरून ३४ बाय २८ बाय १३. चेनचं तोंड २८. चेन लावून आतली उंची २४. मधला चेनचा कप्पा, त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जागा. मागच्या खिशाचं तोंड १८, मोठा फोन सरळ जातो. पट्टा ५०, कड्यांत ३०, खांद्यावर ड्रॉप २०. साडीवर कोपराला अडकवायला बरी, काखेत अडते. अर्ध्या लिटरची बाटली, पासबुक, चार्जर, स्कार्फ आणि चपटा डबा उभा मावतो. ए-फोर कागद घडी करून. बटणाची फाइल, लिटरची बाटली आणि नारळ मावत नाही. मधला कप्पा नको असल्यास आधी सांगा, न घालता शिवून मिळेल. मग डबा आडवा बसतो.